बेदाण्याच्या लॉटमधली घट: नॉर्मल किती, अ‍ॅबनॉर्मल किती आणि कुठे दाखवायची

पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या बेदाणा युनिटचा लॉट घेऊ. आकडे हिशेबापुरते धरले आहेत. १,००० किलो कच्चा बेदाणा, दर १५० रुपये. मजुरी १५,००० आणि वीज-पाण्यासह इतर खर्च ८,०००. प्रोसेस खात्याला नावे एकूण १,७३,००० रुपये.

आधी नॉर्मल लॉस ठरवा. काडी, माती, काळे-बारीक मणी दर लॉटला निघणारच. मागच्या हंगामांतल्या सुरळीत गेलेल्या लॉटची वजने काढा आणि त्यावरून टक्केवारी धरा. भिजलेला, बिघडलेला लॉट त्या सरासरीत घेऊ नका, नाहीतर निष्काळजीपणाही ‘नॉर्मल’ होऊन बसतो. इथे ५ टक्के धरू, म्हणजे ५० किलो. ही घट सरासरी ४० रुपयांनी विकली जाते, म्हणून प्रोसेस खात्याला ५० किलोपोटी फक्त २,००० रुपये जमा करा. तिचा बाकीचा खर्च चांगल्या मालानेच सोसायचा.

आता दर काढा. १,७३,००० वजा २,००० म्हणजे १,७१,००० रुपये. याला अपेक्षित ९५० किलोने भागले की किलोला १८० रुपये पडतात.

प्रत्यक्षात काट्यावर चांगला माल भरला ९२० किलो. ३० किलो कमी का? समजा, पत्रा गळला आणि शेवटी थप्पीला लावलेली पोती भिजली. हा अ‍ॅबनॉर्मल लॉस. त्याला चांगल्या मालाचाच १८० रुपयांचा दर लागतो: ३० किलोचे ५,४०० रुपये प्रोसेस खात्याला जमा, अ‍ॅबनॉर्मल लॉस खात्याला नावे. भिजलेला मालही ४० रुपयांनी गेला तर १,२०० रुपये त्या खात्याला जमा होतात आणि उरलेले ४,२०० नफा-तोटा खात्यात जातात. चांगल्या मालाची किंमत ९२० × १८० = १,६५,६००. पडताळा घ्या: १,६५,६०० + ५,४०० + २,००० = १,७३,०००.

चूक नेमकी इथे होते. घाईत सगळ्या ८० किलोंची विक्री, ३,२०० रुपये, वजा करून ९२० ने भागले की दर १८४.५७ निघतो. खाते तेव्हाही जुळते, त्यामुळे शंका येत नाही. पण गळक्या पत्र्याचा खर्च शिल्लक मालाच्या किमतीत शिरतो. लेखा मानक एएस-२ नुसार असा असामान्य खर्च साठ्याच्या मूल्यात धरता येत नाही.

उलट ९६० किलो भरला तर १० किलोचा अ‍ॅबनॉर्मल गेन. १,८०० रुपये प्रोसेस खात्याला नावे टाका. मात्र घट १० किलोंनी कमी निघाल्याने विक्रीचे ४०० रुपये हुकले, ते वजा करून १,४०० रुपयेच नफा-तोटा खात्याला जमा करा.