पगाराच्या शीटमधला सरकलेला पॉइंट: या चुका टाळा

चाकण एमआयडीसीतली एक छोटी प्रेस पार्ट्सची कंपनी, 64 कामगार. गोष्ट काल्पनिक आहे, पण यातली चूक कुठल्याही पेरोलमध्ये होऊ शकते अशीच आहे.

सप्टेंबरची 6 तारीख, संध्याकाळचे पाच. ऑगस्टचा पगार 7 तारखेच्या आत जमा व्हायला हवा. बँकेच्या पोर्टलवर फाइल चढली आहे. एकाने चढवायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी पद्धत. मंजुरी देणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडम मीटिंगमधून बाहेर येण्याची सगळे वाट बघताहेत. पेरोलमध्ये इंटर्न म्हणून आलेल्या प्राजक्ताला तोवर एक साधं काम दिलं आहे: रजिस्टरची छापील प्रत फाइलला लावायची.

शेवटच्या पानावरच्या बेरजा बघताना ती थबकली. ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी: कामगारांचा वाटा ₹86,400. मालकाचा वाटा ₹37,440.

"सर, आपल्या वाट्यापेक्षा कामगारांचा वाटा जास्त कसा?"

"ओव्हरटाइम आहे ना या महिन्यात. म्हणून वाढलाय."

"पण ओव्हरटाइमने दोन्ही वाटे वाढतील ना, सर? कामगाराचा पाऊण टक्का आणि आपला सव्वातीन. आपलाच चौपटीपेक्षा जास्त असायला हवा."

सर खुर्चीत वळले आणि त्यांनी आधी मॅडमना फोन लावला. मंजुरी थांबवायची होती.

पहिली चूक: फक्त निव्वळ बेरीज बघणं

ही शीट तपासली गेली नव्हती असं नाही. मागच्या महिन्याच्या निव्वळ पगाराशी ताळा घातला, तर फरक निघाला साडेसहाशे रुपयांच्या आसपास. कामगार तेच, कोणी नवीन नाही, कोणी सोडून गेलेलं नाही. मग शंका येणार तरी कशी?

खरं तर आत दोन मोठे फरक एकमेकांना खाऊन बसले होते. सणाआधीच्या ऑर्डरींमुळे ओव्हरटाइम सुमारे ₹79,000नी वाढला होता. ईएसआयसीचा पगार, म्हणजे ज्यावर ही कपात मोजतात तो, त्यामुळे ₹10,73,000 वरून ₹11,52,000वर गेला. त्यावर पाऊण टक्क्याने कपात ₹8,640च्या आसपास यायला हवी होती, ती दहापट झाली. वाढलेला ओव्हरटाइम जवळजवळ सगळाच कपातीत गडप झाला आणि तळाची बेरीज शांत राहिली.

तपासणी करणाऱ्याचं लक्ष साधारणपणे जास्त पैसे जाताहेत का याकडेच असतं, कमी जाताहेत का हे फारसं कोणी बघत नाही. कंपनीच्या खिशाला चाट बसत नसली की ताळा लागला असं धरून चालतात, आणि माझ्या मते पेरोलमधली ही सगळ्यात वाईट खोड आहे.

एका कामगाराचा हिशोब बघा. बेसिक ₹13,000, घरभाडे भत्ता ₹3,640, आठ तासांचा ओव्हरटाइम ₹1,280, एकूण ₹17,920. पीएफ ₹1,560 आणि व्यवसाय कर ₹200. ईएसआयसी पाऊण टक्क्याने ₹134.40, म्हणजे वरच्या रुपयात धरून ₹135. हातात यायला हवेत ₹16,025. शीटमध्ये मात्र ईएसआयसी ₹1,344 आणि हातात ₹14,816. जुलैत ओव्हरटाइम नसताना त्याला मिळाले होते ₹14,755. म्हणजे आठ तास जादा राबून खात्यात वाढणार होते फक्त 61 रुपये. पगार कमी झाला असं त्याला दिसलं नसतं. ओव्हरटाइम धरलाच नाही असं वाटून तो टाइम ऑफिसशी भांडला असता, आणि तिथे तर त्याचे तास बरोबरच लागलेले होते.

दुसरी चूक: जुनी शीट काढून दर दुरुस्त करणं

पॉइंट सरकला कसा, हे शोधायला दहा मिनिटं पुरली. चालू शीट बिघडली म्हणून कोणीतरी जुन्या फोल्डरमधली शीट उचलली होती, 1 जुलै 2019च्या आधीची. तेव्हा कामगाराचा वाटा 1.75 टक्के आणि मालकाचा 4.75 टक्के होता. त्या तारखेपासून ते 0.75 आणि 3.25 झाले. मालकाचा दर नव्याने टाइप केला गेला, तो बरोबर बसला. कामगाराच्या दरातला 1 मात्र नुसता खोडला:

```
जुना:    =ROUNDUP(H5*0.0175,0)
झाला:    =ROUNDUP(H5*0.075,0)
हवा होता: =ROUNDUP(H5*0.0075,0)
```

1.75 मधला 1 काढला की .75 उरतं, हे खरं. पण 0.0175 मधला 1 काढला की 0.075 उरतं, म्हणजे साडेसात टक्के. शिवाय रक्कम पूर्ण रुपयात येत असल्यामुळे छापील रजिस्टरमध्ये पॉइंट कुठेच दिसत नाही. तो फॉर्म्युल्याच्या पोटात असतो.

म्हणून दर फॉर्म्युल्यात लिहू नका. वेगळ्या सेलमध्ये ठेवा, आणि त्या सेलला `0.00%` हा फॉरमॅट द्या. `0%` ठेवलात तर 0.75 टक्के तिथे 1% दिसेल, आणि ते चुकीचं समजून कोणीतरी पुन्हा "दुरुस्त" करेल.

शिवाय रजिस्टरच्या तळाशी ही एक ओळ घाला:

```
=SUM(K5:K68)/SUM(H5:H68)
```

K म्हणजे कामगाराची कपात, H म्हणजे ईएसआयसीचा पगार. उत्तर 0.0075 किंवा त्याहून किंचित जास्त यायला हवं. किंचित जास्त, कारण प्रत्येकाची रक्कम वरच्या रुपयात जाते. या शीटमध्ये ते 0.075 आलं असतं. पीएफला मात्र हे इतकं सरळ लागू होत नाही. काहींचा पीएफ पूर्ण बेसिकवर असतो, काहींचा ₹15,000च्या मर्यादेवर, त्यामुळे तिथे दोन गट वेगळे करूनच भागाकार करावा लागतो.

तिसरी चूक: घाईत बँकेची फाइल हाताने बदलणं

सरांच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. "बँक फाइलमध्येच नेट रकमा बदलू, रजिस्टर उद्या बघू." मॅडमनी नाही म्हटलं, आणि ते योग्यच होतं. फाइल एक, रजिस्टर दुसरं आणि पगार स्लिप तिसरीच, असं झालं की पुढचे सहा महिने खुलासे देत बसावं लागतं.

क्रम असा ठेवला. आधी पोर्टलवरची बॅच नाकारली. ती तशीच सोडून दुसरी चढवली असती, तर चुकून दोन्ही मंजूर होऊन पगार दोनदा गेला असता. मग फॉर्म्युला सुधारून रजिस्टर पुन्हा काढलं आणि त्यातूनच नवी फाइल बनवली. फाइलमधल्या नोंदी 64 आणि बेरीज रजिस्टरच्या निव्वळ पगाराइतकी, एवढं जुळल्यावर मंजुरी दिली. सव्वासहाला पगार गेला.

मंजुरी झाल्यावर कळलं तर?

एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जातात, तेव्हा मंजुरीनंतर फाइल परत ओढण्याच्या भरवशावर राहू नका. चूक ईएसआयसीचं चलान भरताना उघडी पडलीच असती. पोर्टलवर आपण प्रत्येकाचे दिवस आणि पगार भरतो, वर्गणी ते स्वतः काढतं. चलान आलं असतं बरोबर रकमेचं, आणि कामगारांकडून कापलेले जवळपास ₹78,000 कंपनीच्या खात्यात नुसते पडून राहिले असते. पण चलानाची मुदत 15 तारीख, तोवर पगाराला आठवडा उलटलेला.

अशा वेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणू नका. फरकाची वेगळी फाइल त्याच आठवड्यात काढा, पगार स्लिप सुधारून द्या आणि नोटीस बोर्डावर कारण दोन ओळींत लावा. मधल्या काळात कोणी काम सोडलं असेल, तर त्याचा फरक अंतिम हिशोबात धरलाय का, हे नाव घेऊन तपासा. पुढच्या महिन्याच्या रजिस्टरमध्ये त्याचं नावच नसतं.