सहकाऱ्याच्या घरची गुजराती अवसान नोंध वाचून सांत्वनाचा निरोप कसा लिहावा

चिपळूणच्या बाजारपेठेत किंवा लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात गुजराती सहकारी असतो. त्याच्या घरी कोणी गेलं की ग्रुपवर गुजराती अवसान नोंधीचा, म्हणजे निधनाच्या सूचनेचा, फोटो येतो. मोबाईल त्याचं भाषांतर करतो, पण त्यावर विसंबून लगेच निरोप पाठवू नका. आधी नोंध नीट समजून घ्या, कारण नेमक्या नावांत आणि नात्यांत भाषांतर फसतं.

पहिलं काम फोटोचं. फॉरवर्ड होऊन आलेला फोटो पुसट असेल तर मूळ फोटो मागून घ्या आणि नोंधीपुरताच कापा. गूगल लेन्समध्ये भाषा गुजराती निवडा. चित्रावर उमटणारं भाषांतर मूळ मजकूर झाकतं, म्हणून मजकूर कॉपी करून एकेक वाक्य भाषांतरित करा आणि मूळ फोटो शेजारी उघडा ठेवा. गुजराती लिपी म्हणजे बरीचशी शिरोरेघ नसलेली देवनागरी, त्यामुळे नावं स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येतात. ती पाहाच, कारण 'प्रकाश', 'आनंद' अशा नावांचा भाषांतरात कधीकधी अर्थच छापला जातो.

आता कोण गेलं ते शोधा. नोंध साधारण अशी असते:

«मूळ अमुक गाम, हाल चिपळूण, स्व. अमुकभाईना धर्मपत्नी गं.स्व. तमुकबेन (उं.व. ७८) ता. … ने सोमवारना रोज श्रीजीचरण पाम्या छे. ते फलाणाभाईना मातुश्री, ढमकाभाईना सासु. सद्गतनुं बेसणुं गुरुवारे सांजे ४ थी ६. लौकिक व्यवहार बंध छे.»

इथे घाईत वाचणारा 'स्व.' पाहून अमुकभाई आत्ता गेले असं समजतो. ते आधीच गेलेले आहेत. 'गं.स्व.' म्हणजे गंगास्वरूप, आपल्याकडच्या 'गं.भा.' सारखं, ते विधवेच्या नावाआधी लागतं, मग ती हयात असो वा नसो. म्हणजे वडील गेल्याच्या नोंधीत आईच्या नावाआधी 'गं.स्व.' दिसलं तर ती नुकतीच विधवा झाली आहे, म्हणजे हयात आहे. हे भाषांतरात 'स्वर्गीय' झालं आणि तुम्ही आईबद्दल दुःख व्यक्त केलंत, तर त्या घराला किती लागेल! म्हणून 'पाम्या', म्हणजे 'पावल्या' किंवा 'पावले', हे क्रियापद गाठा आणि त्याचा कर्ता पाहा. वरच्या नोंधीत तो तमुकबेन आहे. 'उं.व.' म्हणजे वय, तेही सहसा गेलेल्या माणसाच्याच नावापुढे असतं.

मग सहकाऱ्याचं नाव कोणत्या नात्यापुढे आहे ते बघा. तुमचा सहकारी ढमकाभाई असेल तर त्याच्या सासूबाई गेल्यात, आई नव्हे. 'फई' म्हणजे आत्या आणि 'वेवाई' म्हणजे व्याही.

'बेसणुं' म्हणजे समाचाराला येण्याची ठरलेली बैठक. भाषांतरात त्याचं 'आसन' झालं तर गोंधळू नका. दिवस, वेळ आणि पत्ता मूळ नोंधीवरूनच टिपा. गुजराती पाच हा 'प' अक्षरासारखा दिसतो, तेव्हा तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळतात का ते तपासा. घर चिपळूणला असलं तरी बैठक मुंबईत किंवा मूळ गावी असू शकते. 'टेलिफोनिक बेसणुं' लिहिलं असेल तर घरी न जाता दिलेल्या वेळेत फोन करायचा. 'लौकिक व्यवहार बंध छे' याचा अर्थ रूढीची देवघेव बंद आहे; तिथे पैशांचं पाकीट नेऊ नका.

निरोप मात्र तुम्ही एकमेकांशी रोज ज्या भाषेत बोलता तिच्यातच लिहा. यंत्राकडून करून घेतलेली गुजराती पाठवू नका. तुम्हाला ती वाचता येत नाही, म्हणजे तिच्यातली चूक दिसणारही नाही. 'श्रीजीचरण' सहसा वैष्णव घरात, 'अरिहंतशरण' जैन घरात लिहितात. या शब्दांची नक्कल करण्यापेक्षा साधं लिहिलेलं बरं. फलाणाभाईला असं लिहिता येईल:

«फलाणाभाई, आई गेल्याचं आज कळलं. फार वाईट वाटलं. गुरुवारी चार वाजता मी आणि पाटील घरी भेटायला येतो. या आठवड्यातल्या तुमच्या शिफ्ट आम्ही वाटून घेतल्या आहेत, कामाची काळजी करू नका.»

शिफ्ट खरंच वाटून घेतल्या असतील तरच ते वाक्य ठेवा. तो तुमच्यासमोर आईला 'बा' म्हणत असेल तर 'बा' लिहा. काय झालं होतं, कसं झालं, हे निरोपात विचारू नका. बैठकीला जाता येत नसेल तर तसं एका वाक्यात सांगा आणि घरी कधी येणार तेही लिहा. निरोप ग्रुपवर न टाकता त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका.