कॉन्फिडन्स इंटरव्हलचं उत्तर कसं तपासावं?

समजा प्रश्न असा आहे: शहरातली 400 घरं यादृच्छिकपणे निवडून विचारलं, तेव्हा 232 घरांनी रोज पाणी येतं असं सांगितलं. 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा. चूक ±3 टक्क्यांत ठेवायची तर नमुना किती मोठा हवा, तेही सांगा.

समोर आलेलं उत्तर: इंटरव्हल 0.532 ते 0.628, मार्जिन ऑफ एरर 0.096, नमुना 1067. शेवटी वाक्य: "खरं प्रमाण या इंटरव्हलमध्ये असण्याची संभाव्यता 95 टक्के आहे."

आधी मध्य काढा. दोन टोकांची बेरीज भागिले 2, म्हणजे 0.58. 232 भागिले 400 हेही 0.58 च येतं, म्हणजे मध्य बरोबर आहे. मार्जिन मात्र मध्यापासून एका टोकापर्यंतचं अंतर असतं. 0.096 ही इंटरव्हलची पूर्ण रुंदी झाली, मार्जिन तिच्या निम्मं, 0.048. सूत्राने पडताळा:

```
1.96 × √(0.58 × 0.42 / 400) ≈ 0.048
```

सूत्राआधी मी एक तोंडी हिशेब करते: 1 भागिले √n. इथे √400 म्हणजे 20, उत्तर 0.05. प्रमाणासाठी 95 टक्क्यांचं मार्जिन यापेक्षा मोठं येऊच शकत नाही, त्यामुळे 0.096 पाहताक्षणीच खटकतं.

आता नमुना. आधीचा अंदाज नाही असं धरून p = 0.5 घेतलं, तर:

```
n = 1.96² × 0.25 / 0.03² ≈ 1067.1
```

इथे नेहमीसारखं जवळच्या पूर्णांकाला आणायचं नाही. 1067 घरांत मार्जिन 3 टक्क्यांच्या किंचित वर राहतं, म्हणून उत्तर 1068. कुणी 0.58 वापरून 1040 लिहिलं असेल तर तेही चूक नाही, फक्त p कुठून घेतला ते लिहिलेलं हवं.

सगळ्यात जास्त गुण शेवटच्या वाक्यात जातात. शहरातलं खरं प्रमाण ठरलेलं आहे, आपल्याला माहीत नाही एवढंच. नमुना बदलला की बदलतो तो इंटरव्हल. म्हणून 95 टक्के हे या एका इंटरव्हलचं नव्हे, तो काढण्याच्या पद्धतीचं वर्णन आहे: अशाच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले, तर सुमारे 95 टक्के इंटरव्हलमध्ये खरं प्रमाण सापडेल. उत्तरात लिहायचं ते असं: "शहरातल्या रोज पाणी येणाऱ्या घरांचं प्रमाण 53.2 ते 62.8 टक्क्यांच्या दरम्यान आहे, असं आम्ही 95 टक्के विश्वासाने म्हणतो." "नमुन्यातल्या घरांचं प्रमाण" असं लिहिलेलं दिसलं तर खोडा. ते 58 टक्के आपण मोजलेलंच आहे, त्याचा अंदाज कशाला?

आणि ही 400 घरं एकाच टाकीखालच्या वस्तीतली निघाली, तर गणित अचूक असूनही हा इंटरव्हल शहराबद्दल काही सांगत नाही. मार्जिनमध्ये फक्त नमुना निवडताना योगायोगाने पडणारा फरक धरलेला असतो, चुकीच्या निवडीचा नाही.