लेख एआयचा वाटला तर आधी फोन लावा
फ्रीलान्सरचा लेख लईच गुळगुळीत वाटला म्हणून एआय-डिटेक्टरचा टक्का दाखवून त्याला झापू नका, माणसानं साध्या प्रमाण मराठीत लिहिलेलंही ते टूल मशीनचं ठरवू शकतं. आम्ही संपादक जुन्या-नव्या सगळ्याच फ्रीलान्सरना एक मेल टाकतो, कुणाशी बोललात त्यांचे नंबर आणि वहीच्या पानाचा फोटो द्या. मागं लातूरच्या मोंढ्यातल्या सोयाबीनवर लेख आला, भाषा पार सरकारी, मला डाऊटच. फोनवर एवढंच विचारलं, ओलाव्यापायी भाव किती पाडला? पोरानं दोन आडत्यांचे वेगळे आकडे सांगितले, वर एकाशी झालेली बाचाबाची, तीच लेखात घालायला लावली. आणि कोट ज्याच्या नावावर हाय त्यालाच माहीत नसेल तर लेख परत, 'पडताळणी झाली नाही' एवढंच लिहून, एआयचं नाव काढायचं नाही.