तुटक पोस्टचा सलग लेख कसा करावा

कुणीतरी अकरा छोट्या पोस्ट चिकटवून पाठवतं आणि म्हणतं, ‘याचा लेख करून दे.’ नुसते क्रमांक पुसून मध्ये ‘शिवाय’, ‘तसंच’ घातलं तर दर परिच्छेदाला लेख नव्याने सुरू झाल्यासारखा वाटतो. प्रत्येक पोस्ट एकटी वाचली जाणार हे धरून लिहिलेली असते, त्यामुळे ती मुद्दा पुन्हा सांगते आणि लक्षही पुन्हा वेधून घेते.

म्हणून आधी प्रत्येक पोस्टमधला दावा एका ओळीत लिहून काढा. समजा, विषय कुंडीतल्या झाडांचा आहे. पहिली पोस्ट म्हणते, ‘झाडं का मरतात हे ऐकून थक्क व्हाल!’ यात दावाच नाही, ती गेली. दुसरी आणि सहावी, दोन्ही पिवळ्या पानांबद्दल आहेत; त्यांतली ज्यात तपशील जास्त ती ठेवा. चौथी कुणाच्या तरी प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका ही त्यातली सूचना कामाची आहे. तेवढीच उचला. शेवटच्या दोन पोस्ट आभाराच्या आणि ‘फॉलो करा’च्या, त्या सोडा.

तिसरीत आणि सातवीत मात्र घाई करू नका. तिसरी सांगते, ‘आठवड्यातून दोनदाच पाणी घाला.’ सातवीत लेखक म्हणतो, ‘हा नियम सरसकट नाही, माती बघून ठरवा.’ दोन्ही ठेवल्या तर लेख स्वतःलाच खोडतो. नंतरचं मत धरा, पण लेखकाला विचारून.

आता क्रम. पोस्टमध्ये उत्सुकता ताणायची म्हणून कारण पाचव्या जागी आलेलं असतं: माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. लेखात ते वर आणा, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. मुळं कुजली की पाणी वर पोचत नाही आणि झाड तहानल्यासारखं मान टाकतं, हे त्यानंतरच पटतं. मग बोट मातीत खुपसून ओल बघण्याची पद्धत, आणि शेवटी कुंडीचं भोक व ताटली. एखादा मुद्दा कुठे ठेवायचा हे कळत नसेल, तर तो समजायला आधी काय माहीत हवं ते बघा.

सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘म्हणून’. दोन पोस्टच्या मधली जागा भरताना तो सहज येतो आणि लेखकाने न सांगितलेला कार्यकारणभाव जोडून मोकळा होतो. ‘बहुधा’, ‘माझ्या अनुभवात’ हे शब्दही गुळगुळीत करण्याच्या भरात गळतात. ते राहू द्या. दुवा सापडत नसेल, तर तिथे खूण करून लेखकाला प्रश्न पाठवा.

झालेला लेख मूळ पोस्टच्या एकत्रित लांबीपेक्षा आखूड निघाला, तर उगाच भर घालू नका. उलट पहिले शब्द तपासा: सलग तीन परिच्छेद प्रश्नाने किंवा ‘तुम्हाला माहीत आहे का’ने सुरू होत असतील, तर पोस्ट अजून विरघळलेल्या नाहीत.