मरण घरात झालं, पण आजार दिवाळीत सुरू झाला

आयपीटी, म्हणजे इंटरपर्सनल सायकोथेरपी, शिकून मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सायकियाट्रिस्टच्या दवाखान्यात बसायला लागले, तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच एक काकू आल्या. वय 69, मंगळवार पेठेतल्या. नवऱ्याला अर्धांगवायू होऊन ते नऊ वर्षं अंथरुणावर होते, आणि आठ महिन्यांपूर्वी गेले. काकूंचं जेवण तुटलं होतं, पहाटे साडेचारला जाग यायची आणि दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसायच्या. सोबत आलेला मुलगा म्हणाला, "बाबा गेल्याचं मनाला लावून घेतलंय." मीही कागदावर ‘शोक’ लिहून टाकलं. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नव्याने हे काम करणाऱ्यांना सांगायचंय ते या एका शब्दाबद्दल. जेराल्ड क्लर्मन आणि मिर्ना वाइसमन यांनी 1970च्या दशकात ही पद्धत बांधली, तेव्हा नैराश्याचा धागा नात्यांमधल्या चार ठिकाणी शोधायचा असं ठरवलं: शोक, भूमिकाबदल, नात्यातला वाद आणि एकटेपणा. यातली एक, फार तर दोन जागा निवडायच्या आणि बारा ते सोळा भेटी तिथंच काम करायचं. म्हातारपणात शोक आणि भूमिकाबदल बहुतेक वेळा एकाच घरात, एकाच वर्षात येतात, आणि मरण मोठं असल्यामुळं तेच आधी डोळ्यांत भरतं.

माझ्या सुपरव्हायझर बाईंनी एवढंच विचारलं, "तारखा कुठं आहेत?" तारखा नव्हत्या. पुढच्या भेटीत काकूंसमोर आडवी रेघ मारून बसले. काका वैशाखात गेले. दिवस झाले, पाहुणे गेले, पावसाळा गेला. "तवा जेवत होतो की मी," काकू म्हणाल्या. "झोपपण लागायची." (आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. बाहेरून आलेल्यांनी दचकू नये, आणि नोंद करताना ते ‘सुधारू’ही नये. का ते पुढं येईलच.) जेवण तुटलं ते दिवाळीच्या आसपास. दिवाळीत काय झालं? काकांची हॉस्पिटलची कॉट कुणाला तरी देऊन टाकली, खोलीला रंग दिला आणि नातवाचं टेबल तिथं लावलं.

नऊ वर्षं सकाळी सहाचं औषध, आठला अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्री एकदा उठून बघणं. काका गेल्यावरही त्या खोलीची झाडलोट, चादरी, औषधांचं कपाट यांत त्यांचा दिवस जात होता. खोली गेली आणि दिवसच रिकामा झाला. म्हणजे मुख्य जागा भूमिकाबदलाची होती: सेवा करणारी बाई, आता कोण? शोक होताच, पण दुसऱ्या नंबरवर.

हे ठरवण्याआधी दोन गोष्टी उरकायला लागतात आणि त्यांत घाई चालत नाही. थायरॉइड, बी12, चालू औषधं आणि स्मरणशक्ती डॉक्टरांकडून तपासून घ्या. ‘लक्षात राहत नाही’ ही तक्रार नैराश्यातही येते आणि डिमेन्शियातही. दुसरं, जीडीएस, म्हणजे म्हातारपणातलं नैराश्य ओळखायची प्रश्नयादी. तिचे पंधरा हो-नाही प्रश्न मी मोठ्याने वाचून दाखवते. पाच किंवा जास्त गुण आले की संशय घ्यायचा. काकूंचे अकरा होते. पण या यादीत आत्महत्येबद्दल सरळ प्रश्न नाही, तो वेगळा विचारावाच लागतो. "मेलो तर बरं" हे म्हातारी माणसं सहज बोलतात. त्याच्यापुढं "स्वतःहून काही करावं असं मनात येतं का, गोळ्या साठवल्यात का" असं स्पष्ट विचारायचं. काकूंच्या मनात तसं नव्हतं. असतं, किंवा खाणंपिणं पूर्ण बंद असतं, भास होत असते, तर आधी सायकियाट्रिस्ट, आयपीटी नंतर. काकूंना डॉक्टरांनी गोळी दिलीच होती. ती चालू ठेवून आम्ही बसलो.

आमच्या चौदा भेटी झाल्या, आठवड्याला एक, चाळीस मिनिटांची. पन्नास मिनिटांत काकू थकायच्या.

पहिल्या तीन भेटींत आजाराला नाव दिलं, तारखांची रेघ काढली आणि नात्यांची यादी केली: रोज कोणाशी बोलता, काय बोलता, त्यात काय आवडतं, काय खुपतं. तिसरीच्या शेवटी मी सोप्या शब्दांत मांडलं, "तुम्हाला नैराश्य हा आजार झालाय, आळस नाही. तो काकांच्या जाण्याशी आणि त्यापेक्षा जास्त त्यांची सेवा संपण्याशी जोडलेला आहे. पुढच्या अकरा भेटी त्याच्यावर बसूया?" त्यांनी मान हलवली. ही संमती लागतेच. चौथी ते सातवी जुन्या भूमिकेसाठी, आठवी ते बारावी नव्या भूमिकेसाठी आणि घरातल्या बोलण्यासाठी, शेवटच्या दोन निरोपासाठी. प्रत्येक भेटीची सुरुवात एकच: "मागच्या भेटीपासून मन कसं होतं?" आणि लगेच, "त्या दिवशी घरात काय झालं होतं?" मन आणि प्रसंग यांची गाठ घालायची, सगळी पद्धत त्यावरच चालते.

आजारी म्हणून मुभा देताना एक खड्डा आहे. तरुण माणसाला "सध्या थोडं कमी करा" म्हटलं की तो सुटका मानतो. काकूंच्या घरी ते ऐकून सुनेने उरलेलं कामही काढून घेतलं. ज्या बाईचं काम गेल्यानेच आजार आलाय, तिच्यावर हा उलटा उपाय झाला. मुभा तात्पुरती आहे, आणि भाजी निवडणं आईंकडंच राहू दे, हे मला दुसऱ्या भेटीत मुलाला सांगावं लागलं.

माझी मोठी चूक चौथ्या भेटीत झाली. जुन्या भूमिकेतलं चांगलं आणि वाईट, दोन्ही बोलून व्हायला लागतं. काकूंकडून फक्त चांगलंच येत होतं: "त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही." मी तेवढ्यावर समाधान मानलं आणि पाचव्या भेटीतच त्यांना गल्लीतल्या भजनी मंडळाकडं वळवायला लागले. त्या "हो, जातो की" म्हणायच्या. गेल्या कधीच नाहीत. मग एक आठवडा भेटीलाच आल्या नाहीत. जीडीएस अकरावरून दहावर आलं होतं, म्हणजे हललंच नव्हतं. गोड होकार, कृती शून्य आणि गुण जागच्या जागी, हे तिन्ही एकत्र दिसलं की समजा, आपण शोकावरून उडी मारून पुढं गेलोय.

परत मागं आले. सहाव्या भेटीत काका गेले तो दिवस सकाळपासून विचारला. कोण कुठं होतं, चहा झाला होता का, शेवटचं कोण काय बोललं. काकू अंघोळीला गेल्या होत्या, बाहेर आल्या तोवर काका गेलेले. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर सगळे म्हणत होते, "सुटले बिचारे." काकूही आमच्याकडं कायम "सुटले ते" असंच म्हणायच्या. त्या दिवशी बोलता बोलता म्हणाल्या, "मोरी धुवून बाहेर आलो, बघितलं, आणि पयलं मनात आलं, सुटलो."

सुटले नव्हे, सुटलो. मी नोंदीत ‘सुटले’ लिहिलं असतं तर ते वाक्य हरवलंच असतं.

त्यानंतर त्या खूप रडल्या. नऊ वर्षांत एकदाही माहेरी मुक्काम झाला नव्हता. काका आजारपणात चिडायचे, एकदा ताटही भिरकावलं होतं. मी समजूत घातली नाही, "असं वाटणं साहजिक आहे" हेही लगेच म्हटलं नाही. विचारलं, "आणखी कधी असं वाटलं होतं?" एका माणसाबद्दल माया आणि कंटाळा दोन्ही असू शकतात, हे त्यांच्याच तोंडून सातव्या भेटीत आलं. आठव्या भेटीत जीडीएस सातवर होतं.

मग घरातलं बोलणं. "परवा सुनेशी काय झालं, शब्द न् शब्द सांगा." काकू: "मी काही करू का?" सून: "बसा हो आई, आराम करा." काकूंनी ऐकलं, ‘तुझी गरज नाही.’ सुनेला वीस मिनिटं बोलावलं, तर ती म्हणाली, नऊ वर्षं राबल्यात म्हणून मी हात लावू देत नाही. ‘काही करू का’ या प्रश्नाला ‘नको’ हेच उत्तर येणार. आम्ही दवाखान्यात दोनदा तालीम केली, मी सून झाले. काकूंचं नवं वाक्य ठरलं: "यंदाची चटणी मी बघतो, मिरच्या मला आणून दे." मार्चमध्ये डंकावर त्या स्वतः जाऊन बसल्या. कांदा-लसणाचं प्रमाण त्यांच्याच हाताचं.

दुसरी गोष्ट मी सुचवलेली नव्हती. गल्लीतल्या एका घरात माणसाला लकवा झाला आणि काकू तिथं कूस कशी बदलायची ते दाखवायला जायला लागल्या. मला धास्ती वाटली, जुन्याच खोलीत परत शिरतायत की काय? भजनी मंडळ हट्टाने सुचवणारी मी, हे मात्र थांबवावं की नाही यावर अडले. शेवटी त्यांच्याशीच बोलून ठरवलं: आठवड्यातून दोनदा, एक तास, आणि रात्रीचं बोलावणं आलं तर नाही म्हणायचं.

मर्यादा सांगायला हव्यात. समोरच्याची मुख्य तक्रार नैराश्य नसून गेलेल्या माणसाची न थांबणारी ओढ असेल, त्यांच्या वस्तू हलवू न देणं, मरण खरं न वाटणं असं वर्षभराने तितकंच तीव्र असेल, तर तो दीर्घ शोकविकार आहे. त्यासाठी कॅथरीन शिअर यांनी वेगळे उपचार बांधले. 2005च्या त्यांच्या अभ्यासात ते आयपीटीपेक्षा सरस ठरले. आणि सत्तरीपुढच्यांमध्ये आजार उलटू नये म्हणून नुसती महिन्याची आयपीटी पुरत नाही. चार्ल्स रेनल्ड्स यांच्या गटाच्या 2006च्या अभ्यासात औषधाने आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं, मासिक आयपीटीने नाही. त्यामुळं बरं वाटलं म्हणून गोळी बंद करणं हा निर्णय डॉक्टरांचा.

निरोप मी दहाव्या भेटीपासूनच बोलायला घेतला. काकूंसाठी मीही एक जाणारं माणूस होते. तेराव्या भेटीत आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलं: दोन वेळचं जेवण सलग चार दिवस नको वाटलं, चटणीची बरणी उघडावीशी वाटली नाही, लकव्याच्या घरी जाणं टाळलं, तर मुलाला सांगायचं आणि दवाखान्यात फोन करायचा. पहाटेची जाग मी लिहीत होते, तर काकूंनी हात धरला. "ते खोडा. नऊ वर्षांची सवय हाय ती, आजार न्हवं." खोडलं.

जीडीएस चारवर थांबलं. वैशाखात काकांचं वर्षश्राद्ध होतं, त्यानंतरच्या आठवड्यात एक भेट आधीच ठरवून ठेवली होती. त्या आल्या, हातात चटणीची पिशवी. भेटवस्तू घ्यायची की नाही याचे नियम मला पाठ आहेत. मी पिशवी घेतली, सुपरव्हायझर बाईंना सांगितलं आणि तसं नोंदीत लिहिलं. काकू म्हणाल्या, "तिखट लागंल हां, तुमी जरा जपून खावा."