दहा रुपयांचा फरक कुठून आला?

जुन्या करप्रणालीत माझा कर 57,170 निघत होता, पोर्टलवर 57,180. दहा रुपयांसाठी संध्याकाळ गेली.

पगार 9,12,376. त्यातून प्रमाणित वजावट 50,000 आणि 80सीचे 1,50,000 वजा केले, उरले 7,12,376. स्लॅब मी थेट या आकड्यावर लावले, तिथेच चुकलो. वजावटी झाल्यावर, स्लॅब लावण्याआधी, उत्पन्न जवळच्या दहाच्या पटीत आणायचं असतं: 7,12,380.

आता पाच लाखांपर्यंतचे 12,500, वरच्या 2,12,380 वर 20 टक्के म्हणजे 42,476. बेरीज 54,976, त्यावर 4 टक्के सेस, एकूण 57,175.04. पैसे सोडायचे, शेवटी पाच, म्हणून 57,180. माझ्या पद्धतीने 57,174 येऊन आकडा खाली घसरत होता. मधल्या पायऱ्यांवर मात्र कुठेच पूर्णांक करू नये.